साडीच्या शोकेसमधून स्वतःला बाहेर काढताना

आखाजीच्या आधीचा आठवडा होता. धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका साडीच्या दुकानाच्या शोकेसचा फोटो काढायचं काम मिळालं होतं. फोटो मोबाइलवर फिरवायचा आणि एका छोट्या फ्लेक्सवर लावायचा, एवढंच. भर दुपारी, पांढरा शर्ट घालून, काचेच्या बरोब्बर समोर उभं राहून मी पंधरा-वीस फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेठना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेऊन पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, पैठणीमा तूच उभा दिसी ऱ्हायना."

खरंच होतं. जांभळ्या पैठणीच्या मधोमध माझा पांढरा शर्ट, त्यावर कॅमेऱ्याचा पट्टा, मागे उभी केलेली मोटारसायकल. घरी येऊन दोन तास कॉम्प्युटरवर घासाघीस केली. शर्ट गेला, पण त्याच्यासोबत जरीची नक्षीही गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जाऊन फोटो नव्याने काढला. त्या संध्याकाळी जे केलं आणि नंतर अशा कामांत जे शिकत गेलो, ते इथे लिहितो आहे.

आपण काचेत नेमके कुठे दिसतो

सगळी गोम इथेच आहे. सपाट काचेत कॅमेऱ्याला स्वतःचं प्रतिबिंब एकाच जागी दिसतं. लेन्सपासून काचेवर काटकोनात सरळ रेघ मारली तर ती जिथे टेकते, त्या जागी. कॅमेरा डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, झूम करा, ती जागा काचेवरून हलत नाही. ती हलते फक्त तुम्ही बाजूला सरकलात तर. म्हणून फोटोत दिसायचं नसेल तर ही टेकण्याची जागा शोकेसच्या बाहेर न्यायची, शेजारच्या भिंतीवर किंवा खांबावर.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. तुम्ही काचेपासून कितीही लांब गेलात, तरी काचेच्या पृष्ठभागावर तुमचं प्रतिबिंब तुमच्या निम्म्या आकाराचंच असतं. चार फुटांवर उभे राहा की चाळीस फुटांवर, दोन फूट रुंद माणूस काचेची एक फूट रुंदी व्यापणारच. कारण तुमचं प्रतिबिंब काचेच्या मागे तुमच्याइतक्याच अंतरावर असतं, म्हणजे कॅमेऱ्यापासून काचेच्या दुप्पट अंतरावर. तेव्हा "रस्त्यापलीकडून झूमने काढतो, म्हणजे मी बारीक दिसेन" हा हिशोब चुकीचा आहे. मीही तो काही वर्षं बिनधास्त केला होता.

पण याच निम्म्याच्या नियमाचा फायदाही होतो. हात, कोपर, खांद्यावरची बॅग धरून तुम्ही दोन फूट रुंद आहात असं समजा. काचेवर एक फूट, म्हणजे टेकण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. शोकेसच्या कडेपासून फूटभर बाहेर उभं राहिलात की तुम्ही त्यातून पूर्ण सुटलात.

वेळ

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून येणारा साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे एकूण आठ टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण खान्देशातल्या वैशाखी दुपारी बाहेर भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि शोकेसमध्ये फार तर हजार. लाखाचे आठ टक्के म्हणजे आठ हजार. उन्हातला पांढरा शर्ट आतल्या साडीपेक्षा कितीतरी झगझगीत दिसणार, यात नवल नाही. सूर्य मावळल्यावर बाहेरचा उजेड झपाट्याने काही दहा लक्सवर येतो, आतले हजार मात्र तसेच राहतात. मग परावर्तन जवळजवळ दिसेनासंच होतं.

आपल्याकडे सूर्यास्तानंतरचा कामाचा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचा असतो. आखाजीच्या सुमाराला सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणून मी साडेसहाला जाऊन मांडणी करतो आणि सात ते सव्वासातच्या दरम्यान फोटो काढतो. अगदी काळोख झाल्यावर काढण्यात फायदा नाही, कारण तेव्हा समोरच्या दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे दिवे काचेत उठून दिसू लागतात. शिवाय आकाशात थोडा निळा उजेड असला की दुकानाची कमान आणि पाटीही फोटोत नीट येते.

गडद कपड्यावर परावर्तन जास्त दिसतं, हे लक्षात ठेवा. परावर्तन म्हणजे आतल्या चित्रावर पडलेला जास्तीचा उजेड. पांढऱ्या साडीत तो मिसळून जातो, काळ्या चंद्रकळेवर मात्र लगेच कळतो. फोटो तपासताना आधी सगळ्यात गडद साडीकडे बघा.

बाजूला उभं राहून, सरळ बघून

आता मुख्य पद्धत. बाजूला सरकल्यावर बहुतेक जण कॅमेरा शोकेसकडे वळवतात. तसं केलं की शोकेस तिरकी येते, एक कड मोठी आणि दुसरी लहान. नंतर ती सॉफ्टवेअरमध्ये ओढून चौकोनी करता येते, पण दूरची बाजू ताणली जाऊन मऊ पडते. त्यापेक्षा कॅमेरा वळवूच नका. तो काचेला समांतर ठेवा, लेन्स रुंद कोनाची लावा, शोकेस फ्रेमच्या एका बाजूला येऊ द्या आणि बाकीचं नंतर कापून टाका. तुमचं प्रतिबिंब, असलंच तर, कापलेल्या भागात जातं.

त्या दुकानाचे आकडे सांगतो. शोकेस सहा फूट रुंद, सहा फूट उंच, तिच्या डाव्या हाताला दीड फुटाचा सिमेंटचा खांब. माझा कॅमेरा साध्या क्रॉप सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल, त्यावर सोबत येणारी १८-५५ची लेन्स. १८ वर ठेवली की अशा कॅमेऱ्याची फ्रेम अंतराच्या साधारण सव्वापट रुंद असते. म्हणजे बारा फुटांवरून पंधरा फूट, मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेसात फूट. मी खांबासमोर, शोकेसच्या कडेपासून एक फूट डावीकडे उभा राहिलो. मग शोकेसची जवळची कड मध्यापासून एक फुटावर आणि दूरची सात फुटांवर आली. साडेसातमध्ये सात बसले, अर्धा फूट शिल्लक. उंची त्याच अंतरावर जवळपास दहा फूट मिळते, म्हणजे सहा फुटांची काच आरामात मावते.

याची किंमत मोजावी लागते. पंधरा फुटांतले सहाच फूट वापरायचे म्हणजे ६००० पिक्सेलमधले २४०० उरले. उंचीचेही साधारण तेवढेच. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून हातात आले जेमतेम सहा. मोबाइलला आणि लहान फ्लेक्सला पुरतात. इमारतीएवढ्या होर्डिंगसाठी मी ही पद्धत वापरणार नाही.

बारा फूट मागे जायला जागा नसेल तर मोबाइलची रुंद लेन्स, म्हणजे जिच्यावर 0.5x असं लिहिलेलं असतं ती, कामाला येते. तिची फ्रेम अंतराच्या साधारण अडीचपट रुंद असते, त्यामुळे सहा फुटांवरूनच हा सगळा हिशोब बसतो. कडांना तपशील मात्र मऊ पडतो.

कॅमेरा समांतर आहे हे कळणार कसं? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मी दहा रुपयांचा छोटा सपाट आरसा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने खांबावर लावतो, लेन्सच्या साधारण उंचीवर. मग कॅमेऱ्यातून बघत ट्रायपॉडचं डोकं हलवत जातो, जोवर आरशात माझ्याच लेन्सचं भिंग फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसत नाही. ते मध्यावर आलं म्हणजे कॅमेरा आरशाला काटकोनात बघतो आहे. पडद्यावर ग्रिड लावली तर हे दोन मिनिटांचं काम आहे. एक अट आहे. खांबाचा दर्शनी भाग काचेला समांतर पाहिजे आणि आरसा त्यावर चपटा बसला पाहिजे. गिलावा वाकडातिकडा असेल तर आरसा काचेवरच, शोकेसच्या कोपऱ्यात, क्षणभर हाताने टेकवून धरायला सांगा आणि कॅमेरा त्याच्यासमोर नेऊन लावून घ्या. मग ट्रायपॉड न फिरवता, सरळ रेषेत बाजूला सरकवा. आणि आरसा काढायला विसरू नका. माझ्या दोन-तीन फोटोंत तो खांबावर चमकतोय.

ट्रायपॉड लावल्यावर एक चाचणी करा. मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सला अगदी खेटून काचेकडे धरा आणि पडद्यावर बघा, उजेडाचा ठिपका कुठे दिसतो. तो खांबाकडे किंवा कापायच्या भागात असेल तर ठीक. शोकेसमध्ये दिसला तर आणखी बाजूला सरका. मग टॉर्च आपल्या शरीराच्या शोकेसकडच्या कडेला, कोपराजवळ धरूनही बघा. ठिपका गेला तरी कोपर राहतं, असं होतं.

सोबतच्या माणसाचाही विचार करा. तुमच्या शेजारी, शोकेसच्या बाजूला, चार फुटांवर कोणी उभं असेल तर ते काचेवर दोन फुटांवर दिसणार, म्हणजे शोकेसमध्ये फूटभर आत. त्या संध्याकाळी चहा घेऊन आलेला पोऱ्या नेमका तिथेच उभा राहिला होता. मदतनीस नेहमी खांबाच्या पलीकडच्या हाताला उभा करा.

पुतळ्यांची मान

या पद्धतीची खरी अडचण काचेत नाही, आत आहे. शोकेसची चौकट चौकोनी येते, पण कॅमेरा तर बाजूलाच आहे. म्हणून आतले पुतळे कडेने दिसतात आणि शोकेसची एक आतली भिंत जास्त डोकावते. आमच्या हिशोबात शोकेसचा मध्य कॅमेऱ्यापासून चार फूट बाजूला आणि बारा फूट पुढे होता, म्हणजे अठरा अंशांचा कोन. मी शेठना विनंती केली की तिन्ही पुतळे तेवढेच माझ्याकडे वळवा. आधी त्यांना ते विचित्र वाटलं, पण पडद्यावर पाहिल्यावर पुतळे सरळ ग्राहकाकडे बघत होते. पदराच्या निऱ्या मात्र पुन्हा नीट कराव्या लागल्या. वळवताना त्या हमखास सुटतात, तेव्हा दुकानातल्या बाईंना आधीच थांबवून ठेवा.

दूरच्या टोकाच्या पुतळ्याचं डोकं थोडं ताणल्यासारखं दिसेल. तो रुंद लेन्सचा गुण आहे. तिथे पुतळ्याऐवजी घडी घातलेल्या साड्या लावल्या तर कोणाच्या लक्षात येत नाही. शोकेस तीन-चार फुटांपेक्षा खोल असेल तर मात्र ही पद्धत सोडून द्या आणि पुढची वापरा.

पोलरायझर फिल्टरबद्दल

प्रत्येक जण विचारतो म्हणून सांगतो. हा फिल्टर काचेवरचं परावर्तन उत्तम कापतो, पण काचेकडे तिरकं बघत असाल तेव्हा. काचेच्या काटकोनापासून ५६ अंशांच्या आसपास त्याचा परिणाम सगळ्यात जास्त असतो. स्वतःचं प्रतिबिंब काटकोनातच येतं आणि तिथे तो फिरवून काहीच होत नाही. आमच्या बाजूच्या पद्धतीत दूरची कड तीस अंशांवर येते, तिथे थोडाफार फरक पडतो. त्या बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो आणि संध्याकाळी तो मला परवडत नाही.

समोरूनच काढायचा असेल तर: घोंगडी

खोल शोकेस, मधोमध एकच वधूचा पुतळा, आणि समोरूनच फोटो पाहिजे. आता प्रतिबिंब टाळता येत नाही, त्याला काळं करावं लागतं. काळ्या वस्तूचं प्रतिबिंब काळंच असतं आणि काळं म्हणजे उजेडच नाही. त्यातून आतलं सगळं स्वच्छ दिसतं.

कापड कोणतं घ्यावं? साटीन, टेरिकॉट, छत्रीचं कापड, सगळं चमकतं. मला सगळ्यात उपयोगी पडली ती धनगरांकडची काळी लोकरीची घोंगडी. खरखरीत लोकर उजेड गिळून टाकते. काळी वेलवेट तितकीच चांगली, पण महाग, आणि रस्त्यावर अंथरायला जीव होत नाही.

निम्म्याचा नियम इथे उलटा त्रास देतो. कापड कॅमेऱ्याच्या रेषेत धरलं तर सहा फुटांची काच झाकायला बारा फूट रुंद कापड लागेल. चार फुटांची घोंगडी फक्त दोन फूट काच मोकळी करते. मग करायचं काय? एकाच वेळी सगळं झाकायचं नाही, तुकड्यातुकड्याने झाकायचं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवा. दोघांनी घोंगडी बांबूला बांधून कॅमेऱ्याच्या मागे उभी धरायची. एक फोटो. मग तीन फूट सरकायचं, म्हणजे आधीच्या जागेवर फूटभर चढ राहील. पुन्हा फोटो. असं डावीकडून उजवीकडे, मग बांबू वर करून तसंच परत. सात-आठ फोटोंत काचेचा प्रत्येक भाग निदान एकदा घोंगडीसमोर येतो. धरणाऱ्यांनी घोंगडीच्या मागे राहायचं, पुढे फक्त काळे मोजे घातलेले हात. फुटपाथचं प्रतिबिंब खालच्या भागात येतं, तिथे एक घोंगडी जमिनीवर अंथरा.

सगळे फोटो एकाच एक्स्पोजरचे पाहिजेत. कॅमेरा मॅन्युअलवर, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक, बटण टायमरने. शटर १/२५ किंवा त्याहून हळू ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि जलद शटरला प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो.

आता जोडणी. परावर्तन नेहमी उजेड वाढवतं, कमी कधीच करत नाही. म्हणून सात-आठ फोटोंत एखाद्या बिंदूची जी सगळ्यात गडद किंमत, तीच परावर्तनाशिवायची किंमत. GIMP मध्ये File > Open as Layers ने सगळे फोटो एकावर एक उघडा आणि सगळ्यात खालचा सोडून प्रत्येक लेयरचा मोड Darken only करा. एवढंच. ब्रश हातात घ्यायची गरज नाही. ज्यांना आज्ञा टाइप करायची सवय आहे त्यांनी ImageMagick ने एका ओळीत करावं:

```
magick f1.tif f2.tif f3.tif -evaluate-sequence Min kaach.tif
```

जितके फोटो तितकी नावं पुढे जोडत जायची.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. जरीच्या काठाला काळी दुहेरी रेघ दिसली तर ट्रायपॉड हलला आहे. त्या फोटोचा लेयर बंद करून बघा, बहुतेक एकच फोटो गुन्हेगार निघतो. लुकलुकणारी माळ असेल तर तिचे सगळे दिवे विझलेले येतील, कारण प्रत्येक दिवा कुठल्यातरी फोटोत विझलेला असतो आणि गडद किंमत जिंकते. माळ बंद करा, मग शेवटी माळ लावून एक वेगळा फोटो घ्या आणि फक्त दिवे त्यातून रंगवून घ्या. पंख्याने पदर हलत असेल तर पदराच्या भोवती काळी सावली येते. पंखा बंद. सगळ्या चित्राला अचानक गडद छटा आली तर एका फोटोचं एक्स्पोजर चुकलं आहे.

लेन्सचं स्वतःचं छोटं वर्तुळ मात्र राहतं. पूर्ण कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळला आणि फक्त भिंग बाहेर ठेवलं तर तीन इंचांच्या लेन्सचा काचेवर दीड इंचाचा ठिपका उरतो. ट्रायपॉडची उंची अशी ठेवा की तो पुतळ्याच्या चेहऱ्यावर किंवा बुट्टीवर नाही, साध्या पार्श्वभूमीवर पडेल. तिथे तो पुसायला दोन सेकंद लागतात. लेन्सवरचं पांढऱ्या अक्षरांचं नाव काळ्या टेपने झाकायला विसरू नका. ते उलटं पण सुवाच्य दिसतं.

एक जागा अशी आहे जिथे बाजूला सरकण्याची युक्ती चालत नाही. दाराजवळ दोन काचा आतल्या कोपऱ्यात काटकोनात मिळतात. त्या कोपऱ्यात तुम्ही कुठेही उभे राहिलात तरी स्वतःच दिसता. त्या दोन काचा प्रकाशाला आल्या वाटेने परत पाठवतात. कोपरा फ्रेममध्ये घेऊ नका, किंवा एका काचेवर आतून पडदा ओढायला आणि बाहेरून घोंगडी टांगायला सांगा.

आणि माझा तो दुपारचा पहिला फोटो? वाचवता येईल का म्हणून नंतर पुन्हा उघडला होता. परावर्तन फिकट असेल तर तेवढ्या भागातल्या गडद छटा आणखी गडद करून ते बरंच मरतं, हे खरं. कोपराच्या सावलीवर ते चाललंही. शर्टाच्या जागी मात्र सेन्सर पांढऱ्यावर भरून गेला होता, त्याखाली पैठणीची नक्षी नोंदलीच गेली नव्हती. शेठनी सव्वासातचा फोटो घेतला, आणि आता त्यांच्याकडे कामाला जाताना मी काळा शर्ट घालतो, चव्वेचाळीस डिग्रीतही.